एक वेळ जेवून वजन उचलणार असाल तर ताट कसं लावायचं

माझ्याकडे सरावाला येणाऱ्या एका मुलाने गणेशोत्सवानंतर एक वेळचं जेवण सुरू केलं. वजन 76 किलो, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पहिल्या शिफ्टचं काम, संध्याकाळी सहाला जिम आणि रात्री नऊला एकच ताट. पाच आठवड्यांत तो 72 किलोवर आला आणि खूश झाला. मी त्याची वही मागून घेतली. 90 किलोच्या स्क्वॉटचे पाच-पाचचे पाच सेट तो आधी सहज मारायचा. आता चौथ्या सेटला चार आणि पाचव्याला तीन रेप्सवर थांबत होता. चार किलोंत चरबीबरोबर स्नायूही गेल्याची शंका मला तिथेच आली.

कोल्हापूरच्या तालमीतल्या पैलवानाची खुराक एका ताटात कधीच मावली नाही. सकाळची मेहनत झाली की थंडाई, दुपारी जेवण, संध्याकाळच्या सरावानंतर पुन्हा दूध. ती विभागणी नुसती हौस नव्हती. वजन उचलणाऱ्याने एकाच वेळी जेवायचं म्हटलं की कुठे अडतं, हे आधी आपल्याच ताटावर मोजून बघा.

आधी रात्रीचं ताट मोजा

स्नायू वाढवायचे किंवा टिकवायचे असतील तर दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण 1.6 ग्रॅम प्रोटीन धरा. 72 किलोला ते 115 ग्रॅम होतं. आता त्या मुलाचं ताट बघा. ज्वारीच्या दोन भाकऱ्यांत 12 ग्रॅम, तीन अंड्यांत 18, वाटीभर अख्ख्या मसुरात 8, वाटीभर दह्यात 5, थोड्या भातात 3. बेरीज 46. पोट मात्र तुडुंब. त्याला वाटायचं की भरपूर जेवलो, म्हणजे झालं. तीन दिवस कच्च्या मालाचं वजन करून लिहा. अंदाजाने खाणारा नेहमी स्वतःच्या बाजूने चुकतो.

ताट वाढवून भागत नाही का? भागतं, पण कष्टाने. त्याच ताटात 250 ग्रॅम बोनलेस चिकन घातलं की 57 ग्रॅम वाढतात आणि आपण शंभरावर पोहोचतो. आम्ही ते करून पाहिलं. चौथ्या रात्री तो म्हणाला, "दादा, शेवटचा घास गिळतच नाही. आडवं झालं की आंबट वर येतंय." दीड किलोच्या आसपास अन्न तासाभरात खाऊन झोपलं की हेच होणार.

वाटणीचं खरं काय, ते समजून घ्या

"एका वेळी 30 ग्रॅमच पचतं, बाकी वाया जातं" हे जिममध्ये सारखं ऐकू येतं. ते चूक आहे. जास्त खाल्लं तर पचायला वेळ लागतो, एवढंच. 2023 मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी व्यायामानंतर 25 आणि 100 ग्रॅम दुधाचं प्रोटीन देऊन तुलना केली. 100 ग्रॅमवाल्यांत स्नायू बांधणीचं काम बारा तासांहून जास्त वेळ चालू राहिलं. म्हणजे मोठं जेवण फुकट जात नाही.

पण हे मोजमाप काही तासांचं होतं, काही महिन्यांच्या मांसाचं नव्हे. शिवाय नऊला जेवलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी दुपारपासून रात्रीपर्यंत बाहेरून काहीच मिळत नाही. त्या तासांत शरीर लागेल ते प्रोटीन स्नायूंतूनच काढतं. वजन स्थिर असेल तर हा खड्डा भरून निघू शकतो, पण कॅलरी कमी करून वजन उतरवताना तो महागात पडतो. म्हणून माझं मत सरळ आहे: वजन उतरवायचं असेल तर एकाच ताटाचा हट्ट सोडा आणि दोन भाग करा.

ताट दोन भागांत तोडा

त्या मुलाची शिफ्ट साडेतीनला सुटते, तेव्हा आम्ही असं लावलं. पावणेचारला चार उकडलेली अंडी, एक भाकरी आणि वाटीभर दही, म्हणजे 35 ग्रॅम. सहाला व्यायाम. साडेआठला 250 ग्रॅम चिकन, वाटीभर मसूर आणि दोन भाकऱ्या, म्हणजे 77. साडेदहाला ग्लासभर म्हशीचं दूध, आणखी 7. एकूण 119. उपाशी वेळ तरीही सतरा तासांचा राहिला, आणि त्याला हवी असलेली सकाळची मोकळीक सुटली नाही.

शाकाहारी असाल तर रात्री 50 ग्रॅम कोरडे सोया चंक्स, 150 ग्रॅम पनीर, मसूर आणि दोन भाकऱ्या मिळून 73 ग्रॅमपर्यंत जातात. चारला दह्याबरोबर प्रोटीन पावडरचा एक स्कूप घ्या. सोया आधी तासभर भिजवून पिळून घ्या, नाहीतर पोटात गॅस धरतो.

जीवनसत्त्वं आणि खनिजं एका ताटात कोंबू नका

इथे मात्र "एका वेळी किती" हा प्रश्न खराच आहे. कॅल्शियम जितकं जास्त एकदम घ्याल तितका त्यातला कमी हिस्सा शोषला जातो, म्हणून दही चारला आणि दूध रात्री उशिरा. बी-12 नेहमीच्या मार्गाने एका जेवणातून जेमतेम 2 मायक्रोग्रॅमपर्यंतच घेतलं जातं आणि तो मार्ग पुन्हा मोकळा व्हायला काही तास लागतात. एकदाच जेवणाऱ्या शाकाहारी माणसाचं यात थेट नुकसान आहे. त्याने वर्षातून एकदा बी-12 तपासून घ्यावं.

मसूर आणि पालेभाजीतलं लोह दूध आणि चहा दोन्ही अडवतात. जेवण झालं की लगेच चहा घेण्याची आपली सवय इथे नडते. तासभर तरी थांबा आणि ताटात लिंबू पिळा. एकच जेवण असेल तर भाजीही दिवसाची एकच होते, म्हणून रोज तीच मेथी नको. एक दिवस पालेभाजी, एक दिवस गाजर-काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, आणि एक फळ.

व्यायामाची वेळ बदलून बघा

उपाशी राहून व्यायाम केला तर आधी दम कमी होतो, जोर नंतर. रात्रीच्या भाकरी-भातातून स्नायूंत साठलेली साखर दिवसभर बऱ्यापैकी टिकते, पण यकृतातला साठा वीस तासांत खूप उतरतो. म्हणून पहिले दोन सेट छान जातात आणि नंतर डोकं हलकं होतं. एकच जेवण ठेवणारच असाल तर व्यायाम जेवणाच्या दीड-दोन तास आधी संपेल असा ठेवा, जेवणानंतर नाही. उपाशी वेळेत पाणी प्या आणि उन्हाळ्यात त्यात चिमूटभर मीठ टाका. जेवणातून येणारं मीठ आणि पाणी दोन्ही कमी झालेलं असतं.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, पोटात अल्सर असेल, गरोदर असाल किंवा वय अठराच्या आत असेल तर यातलं काहीच स्वतःच्या मनाने करू नका. किडनीचा आजार असेल तर प्रोटीनचा आकडा डॉक्टरांकडूनच घ्या.

चार आठवडे वही बोलू द्या

वजन आठवड्याला 0.5 ते 0.7 टक्क्यांनी उतरावं. 72 किलोला ते 350 ते 500 ग्रॅम होतं. त्याचा आधीचा वेग 800 ग्रॅमचा होता. त्याबरोबर एका ठराविक वजनावरचा शेवटचा सेट बघा. सलग दोन आठवडे तिथल्या रेप्स घटल्या किंवा सकाळी उठताच चक्कर आली, तर दुपारचा भाग वाढवा. त्या मुलाच्या पाचव्या सेटला पाच रेप्स तिसऱ्या आठवड्यात परत आल्या. वजन तेव्हा 71 होतं.