विहिरीवरून आलेला आकडा खरा, की वाटेत बदललेला? पॅरिटी आणि चेकसम लावायची पद्धत

जालन्याकडची मोसंबीची बाग धरा. विहीर एका टोकाला, आखाडा अडीचशे मीटरवर. विहिरीत पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर आहे आणि तो दर दहा सेकंदांनी आखाड्यावरच्या आर्डुइनो मेगाला आकडा पाठवतो. पाणी एक मीटरच्या खाली गेलं की मोटार बंद करायची, एवढंच काम. पण सेन्सरची वायर आणि मोटारीची केबल एकाच चारीतून आलेली असते. लाईट येते, ऑटो स्टार्टर मोटार उचलतो, आणि त्याच क्षणी वायरीतल्या आकड्याचे काही बिट उलटतात. पाणी ३८४ सेंटिमीटर असताना आखाड्यावर ८४ वाचलं जातं आणि भरल्या विहिरीवर मोटार बंद पडते. आकडा बदलला हे घेणाऱ्या बाजूला कळावं म्हणून काय करायचं, ते या एकाच उदाहरणावर पाहू.

आधी निरोपाचा साचा ठरवा

नुसतं `384` पाठवू नका. निरोपाची लांबी कायम ठेवा: सुरुवातीला `W`, मग चार अंक, म्हणजे `W0384`. शेवटी चेकसमची दोन अक्षरं आणि नवी ओळ येईल. लांबी ठरलेली असली की एखादं अक्षर गळालं तर लगेच दिसतं. याचा उपयोग पुढे होणारच आहे.

पॅरिटी बिट लावा

वायरीवर प्रत्येक अक्षर सात बिटांचं जातं. त्याला आठवा बिट जोडायचा, तो असा की सगळे मिळून एकांची संख्या सम व्हावी. ही सम पॅरिटी.

```
अक्षर   सात बिट    एक किती   पॅरिटी
W      1010111   5         1
0      0110000   2         0
3      0110011   4         0
8      0111000   3         1
4      0110100   3         1
```

घेणारा आठही बिटांमधले एक मोजतो. संख्या विषम निघाली की अक्षर बिघडलं. समजा `3` मधला शेवटचा बिट उलटला: `0110011` चं `0110010` झालं, म्हणजे `2`. आता एकांची संख्या तीन आहे, पॅरिटी बिट ०, एकूण विषम. चूक पकडली गेली. कोणता बिट उलटला ते मात्र पॅरिटी सांगत नाही, त्यामुळे दुरुस्ती होत नाही, फक्त नकार देता येतो.

हे हाताने मोजावं लागत नाही. दोन्ही बाजूंना एकच सेटिंग द्या, बाकी चिप करते:

```
Serial1.begin(9600, SERIAL_7E1);
```

इथे दोन ठिकाणी लोक अडकतात. पहिलं म्हणजे दोन्हीकडची सेटिंग जुळत नाही. पाठवणारा `7E1` वर आणि घेणारा आठ बिटांच्या, पॅरिटी नसलेल्या नेहमीच्या `8N1` वर असेल, तर पॅरिटीचा बिट अक्षराचाच भाग समजला जातो. मग `0` आणि `3` नीट दिसतात, पण `W`, `8`, `4` यांच्या जागी कचरा येतो, कारण त्यांचा पॅरिटी बिट १ आहे. ठरावीकच अक्षरं, दर वेळी, बिघडलेली दिसली तर वायर तपासू नका, सेटिंग तपासा. शिवाय `SoftwareSerial` ला पॅरिटी येतच नाही, म्हणून मेगाचा खरा `Serial1` वापरायचा.

दुसरं जास्त फसवं आहे. पॅरिटी चुकलेलं अक्षर आर्डुइनो मेगा गुपचूप टाकून देतो. तुमच्या प्रोग्रॅमला काही सांगत नाही. `W0384` ऐवजी `W084` हातात येतं. लांबी तपासली नाही तर ८४ हा आकडा मुकाट खरा मानला जाईल. म्हणजे पॅरिटीने चूक पकडली आणि प्रोग्रॅमने तीच आत घेतली.

पॅरिटी एवढ्यावर का भागत नाही

९६०० च्या वेगाला एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंद टिकतो. अक्षराचे सात बिट, पॅरिटी, सुरुवातीचा आणि शेवटचा बिट मिळून दहा, म्हणजे एका अक्षराला साधारण एक मिलिसेकंद. स्टार्टरचा झटका तेवढा टिकला तरी अख्खं अक्षर चिरडलं जातं. एकच बिट उलटेल असं धरून चालणं म्हणूनच चुकीचं आहे. अक्षर पार विस्कटलं तर एकांची संख्या सम निघण्याची शक्यता निम्मी असते. चिरडलेल्या अक्षरांपैकी साधारण निम्मी पॅरिटीतून पास होतात.

आपल्या उदाहरणात `3` चे शेवटचे दोन्ही बिट पडले तर `0110000` उरतं, म्हणजे `0`. एकांची संख्या दोन, पॅरिटी ०, एकूण सम. पॅरिटीच्या दृष्टीने सगळं ठीक, आणि ३८४ चे ८४ झाले.

चेकसम काढा

आता अक्षरं एकेकटी न तपासता सगळा निरोप एकत्र तपासायचा. प्रत्येक अक्षराचा आस्की आकडा घ्या: `W` चा ८७, `0` चा ४८, `3` चा ५१, `8` चा ५६, `4` चा ५२. बेरीज २९४. एका बाइटमध्ये २५५ पर्यंतच मावतं, म्हणून २५६ वजा केले की ३८ उरतात. चेकसम म्हणजे हे ३८ पुन्हा २५६ पर्यंत नेणारा आकडा: २५६ − ३८ = २१८. सोळाच्या पद्धतीत तो `DA`. वायरीवर निरोप जातो `W0384DA`.

घेणारा पाच अक्षरांची बेरीज करतो आणि त्यात २१८ मिळवतो. २९४ + २१८ = ५१२, म्हणजे बरोबर दोनदा २५६; बाकी शून्य. शून्य आलं तर घ्यायचं, नाहीतर टाकायचं. मघाशी पॅरिटीतून निसटलेला `W0084DA` आला तर बेरीज २९१ + २१८ = ५०९, बाकी २५३. टाकून द्या.

```
bool theek(const char *s) {
  if (strlen(s) != 7 || s[0] != 'W') return false;
  for (int i = 1; i < 5; i++)
    if (!isdigit(s[i])) return false;
  uint8_t sum = 0;
  for (int i = 0; i < 5; i++) sum += s[i];
  sum += (uint8_t) strtol(s + 5, NULL, 16);
  return sum == 0;
}
```

नवी ओळ काढून टाकल्यावरच निरोप इथे द्या. ती आणि तिच्याआधीचं `\r` राहून गेलं तर लांबी आठ-नऊ भरते आणि एकही निरोप पास होत नाही. सगळेच निरोप नापास होत असतील तर पहिला संशय यावरच घ्यावा.

बेरजेलाही कुठे फसवता येतं

`3` चे शेवटचे दोन बिट पडले आणि त्याच निरोपात `4` चे शेवटचे दोन बिट वर गेले, तर `3` चा `0` आणि `4` चा `7` होतो. निरोप झाला `W0087DA`. दोन्ही अक्षरांची पॅरिटी जुळते. बेरीज ८७ + ४८ + ४८ + ५६ + ५५ = २९४, म्हणजे तीही जुळते. एकीकडे तीन गेले, दुसरीकडे तीन आले. बेरजेऐवजी एक्सॉर वापरला असता तरी हेच झालं असतं.

नीट पाहिलं तर `W` ठरलेला असल्यामुळे हा चेकसम केवळ चार अंकांच्या बेरजेवर अवलंबून आहे. ज्या ज्या आकड्याच्या अंकांची बेरीज १५ येते (`0384`, `0834`, `0087`, `1545`) त्या सगळ्यांचा चेकसम `DA` च. मोटारीसारखं काहीतरी चालू-बंद करायचं असेल तर आमच्या मते एवढी राखण पुरेशी नाही.

इथे सीआरसी लावावा. तो बेरीज करत नाही. निरोपाचे सगळे बिट एका ठरलेल्या बिटमालेने भागतो आणि बाकी पाठवतो. त्यामुळे अक्षर कोणतं एवढंच नाही तर ते कुठे आहे हेही मोजलं जातं. सोळा बिटांचा सीआरसी सलग सोळा बिटांच्या आत बसणारी कोणतीही मोडतोड हमखास पकडतो. वरचा `0384` चा `0087` झालेला प्रकारही त्यातून सुटत नाही. मॉडबसवर चालणाऱ्या तयार सेन्सरमध्ये हाच असतो:

```
uint16_t crc = 0xFFFF;
for (int i = 0; i < n; i++) {
  crc ^= (uint8_t) s[i];
  for (int b = 0; b < 8; b++)
    crc = (crc & 1) ? (crc >> 1) ^ 0xA001 : crc >> 1;
}
```

लिहिलेला कोड बरोबर आहे का, हे `123456789` ही नऊ अक्षरं देऊन पाहा. उत्तर `4B37` यायला हवं. `BB3D` आलं तर सुरुवात `FFFF` ऐवजी शून्यापासून केली आहे. उत्तर `4B37` येतं पण विकतच्या मॉडबस सेन्सरशी जुळत नाही, असं झालं तर दोन बाइटांचा क्रम पाहा. मॉडबसमध्ये खालचा बाइट आधी जातो. आपल्या `7E1` च्या वायरीवर मात्र सीआरसीचे कच्चे बाइट पाठवू नका, सात बिटांत ते मावत नाहीत. `DA` सारखीच चार अक्षरं करून पाठवा आणि लांबीची अट ७ ची ९ करा.

चूक पकडल्यावर काय करायचं

नापास निरोपातला आकडा अर्धाही वापरू नका. आधीचा चांगला आकडा तसाच ठेवा आणि पुढच्या निरोपाची वाट पाहा. दहा सेकंदांत विहीर कुठे जात नाही. पण सलग तीन निरोप नापास झाले किंवा आलेच नाहीत, तर आकडा शिळा समजा आणि मोटार बंद करा. शिवाय दहा सेकंदांत पातळी तीन मीटर बदलल्याचं सांगणारा निरोप, सगळ्या तपासण्या पास झाला तरी, दुसऱ्यांदा तसाच आल्याशिवाय मानू नका.

नापास निरोपांची वेळ नोंदवून ठेवा. ते मोटार सुरू-बंद होण्याच्या वेळी झुंडीने येत असतील तर दोष वायरिंगचा आहे: सेन्सरची वायर मोटारीच्या केबलपासून वेगळ्या चारीत घ्या, पीळ दिलेली जोडी वापरा आणि आरएस-४८५ असेल तर दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लावा. दिवसभर विखरून येत असतील तर सैल जोड किंवा दोन्हीकडच्या वेगातला फरक शोधा.

बसवून झाल्यावर मुद्दाम बिघडवून पाहा. विहिरीकडच्या प्रोग्रॅममधून `W0084DA` पाठवा, आखाड्यावर तो नापास व्हायला हवा. मग पाठवणाऱ्याची सेटिंग `7O1`, म्हणजे विषम पॅरिटीची, करा. पॅरिटी उलटी झाल्यामुळे एकही अक्षर पोचायला नको आणि तीस सेकंदांत मोटार बंद व्हायला हवी. सेन्सरवर शेवाळ चढून तोच मुळात ८४ मोजत असेल, तर मात्र चेकसमही त्या ८४ चाच निघेल आणि निरोप बिनबोभाट पास होईल. त्यासाठी अधूनमधून दोरी सोडून पाणी मोजणं आहेच.