रब्बीच्या ओलिताआधी पाइपची भिंत मोजून घ्या

हरभऱ्याच्या ओलितासाठी नवी लाइन टाकण्याआधी जुन्या लाइनचा फुटलेला तुकडा एकदा हातात घेऊन पाहा. तो लांबीत उभा चिरला असेल, तर पाण्याच्या दाबाने फुटला आहे. बांगडीसारखा आडवा तुटला असेल, तर बहुधा काळी जमीन फुगून-आकसून पाइप वाकला, किंवा खाली दगड राहिला होता.

हा फरक असा पडतो. आतलं पाणी पाइपची गोलाई ताणून उघडू पाहतं. गोलाईतला हा ताण लांबीतल्या ताणाच्या जवळपास दुप्पट असतो, म्हणून दाबाची चीर उभीच जाते. हा ताण काढायला पाइपच्या बाहेरच्या व्यासातून भिंतीची जाडी वजा करायची, उरलेल्या आकड्याने पाण्याचा दाब गुणायचा आणि भिंतीच्या जाडीच्या दुपटीने भागायचं. व्यास वाढला की ताण वाढतो, भिंत जाड झाली की कमी होतो. म्हणून 63 मिमीला पुरलेली जाडी 110 मिमीला पुरत नाही.

90 मिमीचा पीव्हीसी पाइप घेऊ. चार किलोच्या, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला चार किलो दाब सोसणाऱ्या पाइपची भिंत किमान 2.1 मिमी असते, सहा किलोची 3.1 मिमी. मोटार चालू असताना लाइनमध्ये तीन किलो दाब आहे, म्हणजे साधारण तीस मीटर उंचीच्या पाण्याइतका. यात चार किलोचा पाइप आरामात चालतो, आणि इथेच आपण फसतो.

पाणी सेकंदाला मीटरभर वेगाने धावत असताना वीज गेली, तर पुढे गेलेलं पाणी मागे फिरून, पाणी उलटं जाऊ न देणाऱ्या एनआरव्हीवर आदळतं. कुणी व्हॉल्व्ह झटक्यात बंद केला, तरी असाच धक्का बसतो. तो अंदाजे तीन किलोचा धरा, म्हणजे दाब झाला सहा किलो. तेव्हा 2.1 मिमीच्या भिंतीवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 125 किलो ताण येतो, तर 3.1 मिमीच्या भिंतीवर 84. पीव्हीसीचा सुरक्षित ताण साधारण 86 धरतात. पहिल्याच धक्क्याला पाइप फुटेल असं नाही, पण रोज दोनदा वीज जाणाऱ्या फिडरवर असे धक्के साचत जातात. माझ्या मते अशा वावरात सहा किलोचाच पाइप टाकावा आणि व्हॉल्व्ह सावकाश फिरवावा.

दुकानात पाइपवर IS 4985 हा मानकाचा क्रमांक, व्यास आणि किलो छापलेलं आहे का ते बघा. मग व्हर्नियर कॅलिपरने टोकाची जाडी चार ठिकाणी मोजा. सरासरी काढू नका, कारण पाइप सर्वात पातळ जागीच फुटतो. वजनावर पाइप घेतला तरी हे मोजमाप सोडू नका.

छापलेला दाब 27 अंश तापमानासाठी असतो. पाइप तापला की तो कमी दाब सोसतो. संत्र्याच्या बागेत मे महिन्यात उघड्यावर पडलेली लाइन चालवायची असेल, तर हिशेबाने सहा किलो पुरत असले तरी तिथे आठ किलोचा पाइप घ्या, किंवा लाइन नांगराच्या फाळाखाली पुरा.