आठवून सांगणारी कादंबरी: निवेदकाचं वय जिथे फसतं, त्या चुका टाळा

प्रथमपुरुषी कादंबरीत ‘मी’ या एकाच शब्दावर दोन माणसांचं भागवायचं असतं. एक मी तेव्हा ते सगळं जगली, दुसरी आज बसून सांगते आहे. नाव एक, आई-बाप तेच, पण दुसरीला तीस वर्षांची जास्तीची माहिती आहे आणि पहिलीला ती नाही. माझ्याकडे वाचायला येणारी मुंबईची हस्तलिखितं, विशेषतः चाळीतल्या बालपणाची, फसतात ती बहुतेक याच जागी. भाषा चांगली असते, आठवणी अस्सल असतात, पण कुठलं वाक्य कोण बोलतंय हे लेखकानेच ठरवलेलं नसतं.

एकच रचलेलं उदाहरण शेवटपर्यंत धरून बोलू. लालबागची चाळ, साल १९८२. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. नायिका तेव्हा दहा वर्षांची, वडील साचा खात्यात. पावसाळा सरेपर्यंत घरातले पैसे आणि आईच्या बांगड्या संपतात, आणि वडील चोरून कामावर जायला लागतात. चाळीत अशा माणसाला संपफोड्या म्हणतात. मुलीला सांगितलेलं असतं की बाबा दादरला एका दुकानात हिशेब लिहायला जातात.

सांगण्याचा दिवस न ठरवणं

पहिली चूक ही. घटना १९८२ ची, पण सांगणारी आत्ता कुठे आहे, किती वर्षांची आहे, आणि आजच का सांगते आहे? ‘मोठी झाल्यावर’ हे उत्तर नव्हे. आपल्या उदाहरणात साल २०१२ घेऊ. गिरणी कामगारांच्या घरांची म्हाडाची पहिली सोडत त्या वर्षी निघाली. वडील गेलेत, नाव लागलंय, आणि पात्रतेसाठी त्यांच्या नोकरीचे कागद लागतात. चाळीस वर्षांची ती डोंबिवलीच्या घरात जुनी ट्रंक उपसते आणि तिच्या हाती पगाराची चिठ्ठी लागते. महिना सप्टेंबर १९८२. संप ऐन भरात होता तेव्हाची.

एवढं ठरलं की कितीतरी प्रश्न आपोआप मिटतात. वडिलांचं गुपित तिला याच चिठ्ठीमुळे कळलं, म्हणजे मधल्या तीस वर्षांत तिला ते माहीत नव्हतं. विशीतली किंवा तिशीतली ती त्याबद्दल बोलूच शकत नाही. स्टेशनांची नावंही इथेच सुटतात. एल्फिन्स्टनचं प्रभादेवी झालं २०१८ साली. म्हणजे आपल्या गोष्टीत ‘प्रभादेवी स्टेशन’ छोटीच्या तोंडी तर नाहीच शोभत, सांगणारीच्याही नाही. व्हीटीचं तसं नाही. ते नाव १९९६ ला बदललं, त्यामुळे सांगणारी सीएसटी म्हणू शकते आणि छोटी व्हीटीच म्हणणार. (शहराच्या नावाची कटकट तेवढी मराठी लेखकाला नाही. आपल्यासाठी मुंबई आधीही मुंबईच होती.)

‘तेव्हा मला काय माहीत होतं की…’

हे वाक्य एका कादंबरीत एकदा चालतं. प्रकरणागणिक आलं की वाचक त्याच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. पण या चुकीचं छुपं रूप जास्त घातक आहे, कारण लेखकाला ते दिसतच नाही:

‘त्या कधीच न संपलेल्या संपाच्या पहिल्या दिवशी बाबा घरी होते.’

संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही ही गोष्ट खरी. पण ‘कधीच न संपलेल्या’ हे सांगणारीचं ज्ञान विशेषण होऊन पहिल्या दिवसात घुसलं. त्या सकाळी चाळीत कुणालाही ते ठाऊक नव्हतं. बाबा घरी आहेत म्हणजे छोटीच्या लेखी ती सुट्टी, आणि मोठ्यांच्या लेखी फार तर महिन्या-दोन महिन्यांचा प्रश्न. ते विशेषण काढा, आणि त्या दिवशी भोंगा झाला नाही म्हणून आई उशिरा उठली एवढंच ठेवा. संप लांबला हे वाचकाला माहीतच आहे. त्याचं ते जाणणं आणि घरातल्यांचं न जाणणं यातूनच ताण येतो, आणि विशेषणाने तो तिथल्या तिथे मोडतो.

शोधायचं कसं? विशेषणं आणि क्रियाविशेषणं तपासा. ‘शेवटचं’, ‘अखेरचा’, ‘दुर्दैवाने’, ‘फसवं’, ‘निरागसपणे’. ही बहुतेक वेळा सांगणारीची असतात. ‘मी निरागसपणे विचारलं’ असं दहा वर्षांची कधीच म्हणणार नाही, कारण आपण निरागस आहोत हे निरागस माणसाला कळत नसतं.

छोटीच्या डोळ्यांत मोठीची समज

आता मुख्य जागा. वडील कामावर जायला लागल्यावर पहिल्या संध्याकाळी घरी येतात, त्याचा एक मसुदा असा:

‘बाबा आले. त्यांच्या चेहऱ्यावर अपराधी भाव होता. आपल्याच माणसांशी केलेल्या गद्दारीचं ओझं त्यांना पेलवत नव्हतं. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.’

पहिलं आणि शेवटचं वाक्य सोडलं तर यातलं काहीच मुलीने पाहिलेलं नाही. ‘अपराधी भाव’ हा निष्कर्ष आहे, आणि तो काढायला सप्टेंबरची चिठ्ठी लागते. ती सापडायला अजून तीस वर्षं आहेत.

मग मुलीला काय दिसतं? साचा खात्यात दिवसभर तंतू उडतात, कामगाराच्या केसांत, भुवयांवर, कानाच्या पाळीमागे बसतात. गिरणी कामगाराच्या मुलीला हे रोजचं. बाबा आले की मांडीवर बसून केसांतला कापूस वेचायचा हा तिचा खेळ संपामुळे आठ महिने बंद आहे. आता:

‘बाबा आले. मी त्यांच्या मागे जाऊन बसले. कानामागे कापूस होता. मी तो चिमटीत धरून काढला आणि आईला दाखवला. आईने तो माझ्या हातातून घेतला आणि चुलीत टाकला. दार लावून घे, म्हणाली.’

मुलीला आनंद झालाय, तिचा खेळ परत आलाय. दादरच्या दुकानात कापूस कुठून आला हा प्रश्न तिला पडत नाही, पण वाचकाला पडतो. आईला तर कारण ठाऊक आहे, म्हणून ती दार लावायला सांगते. अपराध, गद्दारी, भीती हे सगळं त्या सहा वाक्यांत आलं आणि एकही शब्द मोठीकडून उसना घ्यावा लागला नाही. पाहणं छोटीचं, समजणं वाचकाचं. सांगणारीने इथे फक्त निवड केली आहे: त्या संध्याकाळच्या शंभर गोष्टींतून तिने कापूस उचलला. तिचं मोठेपण एवढ्यावरच थांबायला हवं.

गप्प राहणं आणि खोटं सांगणं

इथे एक रास्त शंका येते. सांगणारीला सगळं माहीत आहे, तर ती वाचकापासून लपवते आहे का? लपवू शकते. पण स्वतःच्या आवाजात खोटं बोलू शकत नाही, आणि अनेक कादंबऱ्या नेमक्या इथे वाचकाचा विश्वास गमावतात.

‘सप्टेंबरपासून बाबा दादरच्या दुकानात जायला लागले.’ हे वाक्य चुकीचं आहे. ते कुणाचं म्हणून सांगितलेलं नाही, म्हणजे ते सांगणारीचंच झालं, आणि सांगणारीला ते खरं नाही हे ठाऊक आहे. पुढे चिठ्ठी सापडल्यावर वाचक हे पान उलटून बघतो आणि त्याला फसवल्यासारखं वाटतं. ‘सप्टेंबरपासून बाबा दादरच्या दुकानात जातात, असं आईने मला सांगितलं.’ हे चालतं. माहिती तीच, पण जबाबदारी आईची. दुसऱ्या वाचनात तर हे वाक्य जास्त बोलकं होतं.

मराठी इथे लेखकाला भरपूर मदत करते. आपण ‘असं वाटलं’च्या आधीचं वाक्य त्या क्षणाच्याच काळात ठेवतो: ‘उद्या बाबा मला दुकान दाखवायला नेतील असं वाटलं.’ ‘उद्या’ही छोटीचा, ‘नेतील’ही छोटीचं. आता शेपूट काढून टाका: ‘उद्या बाबा मला दुकान दाखवायला नेतील. मग मी शेजारच्यांना सांगेन.’ भूतकाळाच्या परिच्छेदात हे दोन भविष्यकाळ बसले, की सांगणारी बाजूला होऊन मुलगी थेट बोलू लागते. फक्त आजूबाजूला तिच्या आवाजाची खूण हवी, नाहीतर वाचकाला ते २०१२ चं वाक्य वाटेल.

दुसरा मार्गही आहे आणि मला तो अधिक धीट वाटतो. चिठ्ठी पहिल्याच प्रकरणात सापडू द्या. वडिलांनी काय केलं हा प्रश्न तिथेच संपतो. पुढची तीनशे पानं वाचक वेगळंच शोधतो: इतका कापूस हातात येऊनही हिला कळलं कसं नाही? की कळायचंच नव्हतं? रहस्य जातं, पण सांगणारीला स्वतःच्या आठवणींची उलटतपासणी घ्यायला जागा मिळते. ‘आईने कापूस चुलीत टाकला’ हे तिला खरंच आठवतं, की चिठ्ठी बघितल्यावर आठवायला लागलं? असा संशय एखाद्या ठिकाणी उघड लिहावा.

बोबडेपणाचं सोंग

या सगळ्याला घाबरून काही लेखक उलट टोकाला जातात आणि चाळीस वर्षांच्या बाईला दहा वर्षांच्या मुलीसारखं बोलायला लावतात. गरज नाही. ज्ञान छोटीचं ठेवायचं, वाक्यरचना मोठीची असू शकते. मुलीला ‘चिमटीत धरून’ हा शब्दप्रयोग सुचला असता की नाही याने बिघडत नाही. तिला ‘गद्दारी’ ही कल्पना सुचली असती की नाही, याने बिघडतं.

सगळ्या प्रकरणांत तेवढंच अंतर

ही चूक एका पानावर दिसत नाही, सबंध कादंबरी वाचल्यावर दिसते. नायिका दहाची, पंधराची, पंचविशीची होत जाते, तरी सांगणारी तिच्याकडे त्याच वडीलधाऱ्या मायेने बघत राहते. पंचविशीतल्या बाईला ‘मी किती वेडी होते’ म्हणणं पहिल्या भागाइतकं स्वस्त नाही, कारण तिला जाब विचारता येतो. शेजारच्या घरातला माणूस संप न मोडता गावी परतला आणि त्याचं घर विस्कटलं, हे पंचविशीत तिने पाहिलं असेल, तर बाबांच्या दुकानाची चौकशी तेव्हाही केली नाही याचं उत्तर ‘लहान होते’ असं देता येणार नाही.

तपासायला सोपं काम करा. दर प्रकरणातलं एक पान घ्या. छोटीला त्या क्षणी माहीत असू शकेल अशा वाक्यांखाली निळी रेघ, नंतरच कळलेल्यांखाली लाल. सुरुवातीच्या पानांवर लाल रेघा मोजक्या पण ठळक जागी असाव्यात, आणि पुढे सरकताना दोन्ही रंग वेगळे काढणं तुम्हालाच जड जायला लागावं. ट्रंक उघडण्याच्या प्रकरणात तर लाल पेन्सिल हातात घ्यायचं कारणच उरत नाही. तिथेही अजून लाल रेघा निघत असतील, तर तुमची सांगणारी २०१२ मध्ये नाही, त्यानंतर कुठेतरी बसली आहे, आणि पहिलं प्रकरण पुन्हा लिहावं लागेल.