आजोबा नक्की कधी विलायतेत होते? बोटीच्या याद्या आणि जुना पासपोर्ट वाचताना या चुका टाळा

नाशिकच्या बऱ्याच जुन्या वकील घराण्यांत एक बॅरिस्टर आजोबा किंवा पणजोबा असतात, आणि माळ्यावरच्या ट्रंकेत त्यांचा पासपोर्ट. मग कोणीतरी घराण्याचा इतिहास लिहायला घेतो, पासपोर्ट उघडतो, त्यावर १९२६ दिसतं, मुदत १९३१ पर्यंत, आणि झालं, छापून टाकतो की १९२६ ते १९३१ आजोबा लंडनला शिकत होते. ही सगळ्यात कॉमन चूक. त्या ५ वर्षांचा शिक्षणाशी काहीच संबंध नाही, ती फक्त पासपोर्टची मुदत आहे.

एक उदाहरण रचून घेऊ म्हणजे सगळं त्यावरच दाखवता येईल. पासपोर्ट मुंबई सरकारने जून १९२६ मध्ये दिलेला. आत फ्रान्सच्या मार्सेलिस बंदराचा शिक्का, ७ ऑक्टोबर १९२७. ऑनलाइन शोधल्यावर ब्रिटनला पोचणाऱ्या लोकांच्या यादीत नाव सापडतं ते थेट सप्टेंबर १९२९ मध्ये, मुंबईहून आलेल्या बोटीवर, धंदा विद्यार्थी. आणि घरात सांगतात की जून १९३० मध्ये बॅरिस्टर झाले. आता एक भाऊ म्हणतो १९२६ ला गेले, दुसरा म्हणतो अहो यादीत तर १९२९ आहे, ९ महिन्यांत कोण बॅरिस्टर होतं? दोघंही चुकतायत.

आधी पासपोर्ट. तो हातात आला म्हणजे माणूस निघाला असं नाही. पैसे जमेपर्यंत, घरचे तयार होईपर्यंत, कधी एलएलबीचा निकाल लागेपर्यंत वर्षभर सहज जायचं. म्हणून पहिलं पान सोडा आणि शिक्क्यांची पानं बघा. त्यात पण एक गंमत आहे, ब्रिटिश इंडियाचा माणूस ब्रिटिश प्रजाच असल्यामुळे इंग्लंडच्या बंदरात त्याच्या पासपोर्टवर सहसा शिक्का मारतच नसत, त्यामुळे 'इंग्लंडचा शिक्का नाही म्हणजे गेलेच नाहीत' हा निष्कर्ष काढू नका. शिक्के सापडतात ते फ्रान्सचे, इटलीचे. ते वाचताना तारखेबरोबर हेही बघा की आत आल्याचा आहे का बाहेर गेल्याचा, पुसट असेल तर मोबाइलने तिरप्या उजेडात फोटो काढून कॉन्ट्रास्ट वाढवा. पासपोर्ट लंडनमध्ये दिलेला असेल तर मात्र मजा वेगळी, त्याचा अर्थ माणूस त्या तारखेला आधीपासूनच तिथे होता. आणि आजोबा पहिल्या महायुद्धाच्या आधी गेले असतील तर ट्रंक उपसू नका, तेव्हा पासपोर्ट लागायचाच नाही.

आता याद्या. त्या लंडनच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये आहेत, येणाऱ्यांच्या `BT 26` मध्ये आणि जाणाऱ्यांच्या `BT 27` मध्ये. येणाऱ्यांच्या साधारण १८७८ पासून, त्यातही सुरुवातीच्या थोड्याच उरल्यात, जाणाऱ्यांच्या १८९० पासून, दोन्ही १९६० पर्यंत. पहिल्या अँसेस्ट्रीवर दिसतात, दुसऱ्या फाइंडमायपास्टवर. लोक काय करतात, एकाच साइटवर शोधतात, नाव सापडत नाही, आणि 'रेकॉर्ड नाही' म्हणून सोडून देतात.

पण नाव न सापडण्याचं खरं कारण बहुतेक वेळा मार्सेलिस असतं. मुंबईहून निघालेली पी अँड ओची बोट साधारण २ आठवड्यांत मार्सेलिसला पोचायची, तिथून जिब्राल्टरला वळसा घालून लंडनला जायला अजून आठवडाभर, म्हणून ज्यांना परवडायचं ते मार्सेलिसलाच उतरून आगगाडीने जायचे आणि फ्रान्स-इंग्लंडमधली इंग्लिश खाडी छोट्या बोटीने ओलांडायचे. या याद्या युरोप आणि भूमध्य समुद्राच्या बाहेरून येणाऱ्या बोटींच्या, खाडीपार बोटींच्या नाहीत, त्यामुळे असा माणूस यादीत येतच नाही. आपल्या भगूरचे सावरकर १३ मार्च १९१० ला पॅरिसहून लंडनला आले आणि व्हिक्टोरिया स्टेशनवर उतरताच पकडले गेले, ते पण याच रस्त्याने, पोलिसांकडे नोंद झाली पण बोटीच्या यादीत शोधलं तर काय मिळणार? इटालियन बोटींचं पण तेच, त्या व्हेनिस-जिनोव्हाकडे जायच्या, इंग्लंडला नाही.

दुसरं कारण आपली नावं. गणेश विष्णू देशपांडे हे तीन शब्द इंग्रज कारकुनाने कसे लिहिलेत आणि आज टाइप करणाऱ्याने कसे वाचलेत, देवाला ठाऊक. वडिलांचं नाव आडनाव म्हणून पडलेलं असतं, नाहीतर नुसतं आद्याक्षर. `Deshp*` टाकून बघा, `*pande` टाका, आडनावाच्या रकान्यात `Vishnu` टाका. नाहीच मिळालं तर नाव रिकामं ठेवून बंदर, वर्ष आणि बोट धरून मूळ पानाचा फोटो उघडा आणि डोळ्यांनी वाचा, कंटाळवाणं आहे पण हेच चालतं. मूळ पान बघायचं अजून एक कारण, नावावर काट मारलेली असेल तर तिकीट काढलं पण माणूस चढलाच नाही, आणि ही काट इंडेक्समध्ये दिसतेच असं नाही.

मग १९२९ ची नोंद कसली? तिथे टर्मचं गणित लागतं. बॅरिस्टर व्हायला लंडनच्या 'इन' म्हणवणाऱ्या चार वकिली संस्थांपैकी एकीत (लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल, ग्रेज इन) नाव घालून १२ टर्म भरायला लागायच्या, वर्षाला ४, आणि टर्म भरणं म्हणजे तिथल्या हॉलमध्ये ठराविक जेवणं जेवणं, परीक्षा वेगळ्या. जूनच्या ट्रिनिटी टर्मनंतर नोव्हेंबरच्या मायकेलमसपर्यंत मोठी सुटी. तेवढ्यात मुंबईला येऊन परत जाता यायचं आणि एकही टर्म बुडायची नाही. म्हणजे सप्टेंबर १९२९ ला आजोबा सुटीवरून परत चाललेत, पहिल्यांदा नाही. जाणाऱ्यांच्या यादीत त्याच वर्षीचा जून-जुलै बघा, लंडनहूनच बोटीत चढले असतील तर तिथे सापडतील.

आता उलटं मोजा. जून १९३० च्या ट्रिनिटीला सनद मिळाली असेल तर ती १२ वी टर्म धरून मागे गेलं की पहिली टर्म येते मायकेलमस १९२७, आणि मार्सेलिसचा शिक्का आहे ७ ऑक्टोबर १९२७. बरोब्बर जुळलं. गांधीजींचंही हेच, नोव्हेंबर १८८८ ला इनर टेंपल, १० जून १८९१ ला बॅरिस्टर, मोजून १२ टर्म. जुळलं तरी इनच्या प्रवेश नोंदीची तारीख मागवून घ्याच, कारण काहींना एखाद-दोन टर्मची सूट मिळायची.

पण इनच्या दोन तारखा जोडून मधली सगळी वर्षं लंडनमध्ये धरू नका. डॉ. आंबेडकरांचं ग्रेज इनमध्ये नाव १९१६ चं, बॅरिस्टर झाले १९२२ ला. मधे १९१७ ला भारतात परत, १९२० ला पुन्हा लंडन, आणि बॅरिस्टर झाल्यावरही लगेच निघाले नाहीत, परतले १९२३ ला. शिवाय १९१६ ला ते न्यूयॉर्कहून लंडनला आले होते, मुंबईच्या बोटींत शोधणारा तिथेच अडकेल. आणि सावरकरांसारखं पण होतं, ग्रेज इनमध्ये १९०६ पासून, परीक्षा दिल्या, सनद मात्र दिलीच नाही, तेव्हा बॅरिस्टरांच्या यादीत नाव नाही म्हणून शिकले नाहीत असं म्हणता येत नाही.

आपल्या उदाहरणात शेवटची तारीख अजून उघडी आहे. १९३० ला परत आल्याची इंग्लंडकडची नोंद नसेल तर पासपोर्टवर मार्सेलिसहून बाहेर पडल्याचा शिक्का शोधा, आणि त्यापुढचे २-३ आठवडे टाइम्स ऑफ इंडियाचे अंक बघा, त्यात मेल बोटीने येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं छापायचे. तोपर्यंत वंशावळीत 'ऑक्टोबर १९२७ ते जून १९३० नंतर कधीतरी' एवढंच लिहा, आणि शेजारी कोणती तारीख कुठल्या कागदावरून घेतली तेही.