वायफाय रखडतंय? मोठा प्लॅन घेण्याआधी या चुका टाळा

हॉलमध्ये सोफ्यावर बसलं की सगळं सुरळीत, आणि आतल्या बेडरूममध्ये गेलं की व्हिडिओ गोल गोल फिरत बसतो. अशा वेळी बहुतेक जण कंपनीला फोन लावतात. तिकडून उत्तर येतं, "सर, तुमचा प्लॅन १००चा आहे, ३००चा घेऊन बघा." प्लॅन वाढतो, बिल वाढतं आणि बेडरूममधलं चाक फिरतच राहतं. कारण अडचण बहुतेकदा बाहेरून येणाऱ्या फायबरमध्ये नसते, ती राऊटर आणि मोबाइल यांच्यामधल्या वीस-पंचवीस फुटांत असते.

तेव्हा पहिली चूक ही, की नेमकं कुठे अडतंय हे न तपासताच खर्च करायचा. तपासणी सोपी आहे. ज्या खोलीत त्रास होतो तिथे लॅपटॉप घेऊन बसा आणि विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये या दोन ओळी एकामागून एक चालवा. पहिल्या ओळीतला राऊटरचा पत्ता तुमच्याकडे वेगळाही असू शकतो, तो सहसा त्याच्या खालच्या स्टिकरवर छापलेला असतो.

```
ping -t 192.168.1.1
ping -t 8.8.8.8
```

प्रत्येक ओळ मिनिटभर चालू द्या आणि `Ctrl+C` दाबून थांबवा. पहिली ओळ फक्त तुमच्या राऊटरपर्यंत जाऊन परत येते, दुसरी बाहेर इंटरनेटवरच्या गूगलच्या सर्व्हरपर्यंत. पहिलीतला `time` दोन-पाच `ms`च्या आसपास स्थिर असेल, तर घरातलं वायफाय ठीक आहे. तोच आकडा मध्येच १५०, ३०० असा उसळत असेल किंवा `Request timed out` येत असेल, तर दोष घरातच आहे आणि कंपनीचा माणूस येऊन काही करू शकणार नाही. पहिली ओळ स्वच्छ आणि दुसरीच खराब असेल, तर मात्र खुशाल तक्रार नोंदवा. आणखी एक खात्री म्हणजे लॅपटॉप लॅन केबलने थेट राऊटरला जोडून स्पीड पाहणं. ३००च्या प्लॅनवर केबलनेही ९४-९५च्या वर आकडा जात नसेल, तर केबलच्या आठ तारांपैकी चारच जोडलेल्या असण्याची किंवा पोर्टच १०० एमबीपीएसचा असण्याची शक्यता मोठी. केबल बदलली की कळतंच.

आता राऊटरच्या जागेकडे वळू. एक नेहमीचा २ बीएचके डोळ्यासमोर आणा. दाराजवळ फायबर आत येतो आणि तिथल्याच टीव्ही युनिटमध्ये, काचेच्या दाराआड, सेट टॉप बॉक्सच्या मागे राऊटर विसावतो. दिसायला छान! पुढे टीव्हीचा धातूचा सांगाडा, मग हॉलची भिंत, पॅसेज, बेडरूमची भिंत, आणि त्या भिंतीला लागून आरसा लावलेलं लोखंडी कपाट. राऊटरपासून पलंगापर्यंत रेघ ओढली तर ती या सगळ्यांतून जाते, तीही तिरकी. चार इंची विटांची भिंत लहरींनी सरळ ओलांडली तर फारसं बिघडत नाही. पण तिरक्या वाटेने तीच भिंत दुप्पट जाड पडते. आरसीसीच्या कॉलममध्ये सळ्या असतात, आरशाच्या मागे धातूचा मुलामा असतो. लोखंडी कपाटाच्या आडोशाला तर सावलीच पडते म्हणा ना.

यावर उपाय म्हणजे राऊटर घराच्या मध्याकडे, पॅसेजच्या तोंडाशी, सहा-सात फूट उंचीवर उघडा लावायचा. तिथून हॉल समोर, आणि दोन्ही बेडरूमच्या दारांकडे लहरींना जवळजवळ सरळ वाट. अँटेना असतील तर त्या उभ्या ठेवा. उभ्या अँटेनाचा जोर आडव्या दिशेत, म्हणजे घरभर पसरतो. टोकं खोलीकडे रोखली म्हणजे तिकडे जास्त सिग्नल जातो हा गैरसमज आहे, टोकाच्या दिशेला तो सगळ्यात कमी असतो. माळ्यावर सामानामागे राऊटर ढकलणाऱ्यांबद्दल काय बोलावं!

फरक पडला की नाही हे मोबाइलवरच्या काड्यांवरून ठरवू नका. अँड्रॉइडवर वायफाय अॅनालायझर प्रकारचं कुठलंही अॅप घ्या आणि पलंगावर बसून सिग्नलचा जोर सांगणारा `dBm`चा आकडा पाहा. तो उणे असतो, म्हणून शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. `-65`च्या आसपास असेल तर व्हिडिओ कॉल निवांत चालतो. `-80`च्या पलीकडे गेलं की रखडपट्टी ठरलेली. आकडा दहाने सुधारला म्हणजे सिग्नल दहापट झाला. त्यामुळे राऊटर दोन-तीन फूट सरकवून पुन्हा मोजण्यात वेळ गेला तरी तो सत्कारणी लागतो. फक्त फायबरची बारीक वायर स्वतः ओढू नका; ती काटकोनात मुडपली की राऊटरवर `LOS`चा लाल दिवा लागतो. ती लांबवण्यासाठी फायबरवाल्यालाच बोलवा.

जागा नीट झाल्यावरच सेटिंगला हात घाला. घरच्या बहुतेक राऊटरवर दोन बँड असतात. २.४ गिगाहर्ट्झ लांब पोचतो, भिंतीही बऱ्या ओलांडतो, पण सोसायटीत त्याच्यावर सगळ्यांची गर्दी. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आणि बराच मोकळा, पण भिंतीपुढे लवकर हात टेकतो. अनेकजण २.४ची `Channel Width` `40 MHz` करतात, दुप्पट रुंदी म्हणजे दुप्पट वेग या हिशोबाने. दाट वस्तीत घडतं उलटंच. त्या बँडवर एकमेकांना न चिकटणारे चॅनल तीनच आहेत: १, ६ आणि ११. रुंदी वाढवली की तुम्ही त्यातले दोन अडवता आणि दुप्पट शेजाऱ्यांशी भिडता. म्हणून इथे `20 MHz` ठेवा, आणि अॅपमध्ये या तिघांपैकी जिथे शेजाऱ्यांचे सिग्नल कमी व क्षीण दिसतील तो चॅनल निवडा. "३ नंबर रिकामा दिसतोय" म्हणून तो घेऊ नका. एकाच चॅनलवरचे राऊटर एकमेकांचं ऐकून पाळीपाळीने बोलतात. अर्धवट अंगावर येणाऱ्या चॅनलचा नुसता गोंगाट होतो. ५ गिगाहर्ट्झवर मात्र `80 MHz` ठेवायला सहसा हरकत नाही.

एवढं करूनही शेवटची खोली कोरडीच राहिली, तर लोक रिपीटर आणतात आणि तो त्याच कोरड्या खोलीत लावतात. तिथे त्यालाच सिग्नल मिळत नाही, तर तो पुढे काय देणार? रिपीटर निम्म्या वाटेवर, `-65`च्या आसपास आकडा असेल अशा जागी हवा. शिवाय साधा रिपीटर एकाच बँडवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग जवळपास निम्म्यावर येतो, हे धरून चाला.

त्यापेक्षा घरात पडून असलेला जुना राऊटर कामी येतो. मुख्य राऊटरपासून त्या खोलीपर्यंत कॅट ६ केबल स्कर्टिंगच्या कडेने न्या. जुन्या राऊटरचा पत्ता `192.168.1.2` असा त्याच मालिकेतला पण वेगळा करा, मोबाइल-लॅपटॉपना पत्ते वाटणारी त्याची `DHCP` सेवा बंद करा, आणि केबल त्याच्या `WAN`मध्ये न खुपसता `LAN` पोर्टमध्ये लावा. दोन्हीकडे वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवा, चॅनल मात्र वेगवेगळे. इतकं जमवल्यावरही बेडरूममध्ये गेलेला मोबाइल कधीकधी हॉलच्या राऊटरला चिकटून बसतो, कारण कुठला धरायचा हे मोबाइल स्वतः ठरवतो. अशा वेळी त्याचं वायफाय एकदा बंद करून चालू करा. आणि तसं रोजच घडत असेल तर हॉलमधल्या राऊटरची `Transmit Power` एक पायरी खाली आणा.