रात्री नऊचा फोन आणि माझी वही

सातपूरच्या कंपनीत ओव्हरटाइम बंद झाला आणि पर्सनल लोनचे दोन हप्ते थकले. वसुली एजंट रात्री नऊला फोन करू लागला. पुढे त्याने माझ्या मेव्हण्यालाही गाठलं. लाज तिथे वाटली.

पहिल्यांदा मीही आवाज चढवला, उपयोग शून्य. मग वही घेतली. प्रत्येक फोनची तारीख, वेळ, नंबर, बोललेले शब्द. त्याला एवढंच म्हणायचो, "दादा, तुमचं नाव आणि बँकेचं अधिकारपत्र पाठवा, मग बोलू." पत्र आलंच नाही.

रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकानुसार वसुलीचे फोन सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर करता येत नाहीत. नातेवाइकांना त्रास देणंही चालत नाही. वहीतल्या नोंदी आणि कॉल लॉगचे फोटो जोडून मी बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल केला. 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. मला तेवढं थांबावं लागलं नाही. आठवड्यात रात्रीचे फोन थांबले.

कर्ज मात्र तसंच होतं. त्याच ईमेलमध्ये हप्ता कमी करून मुदत वाढवून मागितली होती, ती मिळाली. व्याज जास्त जाईल, ते मान्य केलं. पैसे थेट कर्जखात्यात भरतो, एजंटच्या हातात नाही.