बर्ड फ्लूच्या दिवसांत चिकन आणि अंडी: या चुका टाळा

बर्ड फ्लूची बातमी आली की माझा फोन वाजायला लागतो. मोठ्या स्वयंपाकघरांत काम करणाऱ्यांना अन्न सुरक्षित कसं ठेवायचं ते मी शिकवते, त्यामुळे प्रश्न ठरलेला असतो: "ताई, चिकन बंद करायचं का?" बंद करायची गरज नाही. नीट शिजलेल्या चिकनमधून किंवा अंड्यातून हा आजार होत नाही. विषाणूला उष्णता सोसत नाही. मांसाच्या आतपर्यंत ७० अंश सेल्सिअस तापमान पोचलं की तो काही क्षणांत निकामी होतो.

पण लोक एवढं ऐकतात, "उष्णतेनं मरतो ना, मग झालं" म्हणतात आणि फोन ठेवतात. 'आतपर्यंत' हा शब्द कुणी ऐकतच नाही. पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

रंग बघून 'शिजलं' म्हणणं

ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता कुठल्याही स्वयंपाकघरात शिरले की आधी पिशवीतला थर्मामीटर काढते.

एकदा चाळीसएक माणसांचं जेवण होतं. चिकनचे लेग पीस फ्रीझरमधून सकाळी काढून ओट्यावर ठेवले होते आणि दुपारी मोठ्या ट्रेमध्ये एकमेकांना चिकटून रचून ओव्हनमध्ये घातले होते. वरून रंग सुरेख आला होता, कडा तपकिरी झाल्या होत्या. स्वयंपाक्याने कडेचा एक पीस कापून दाखवला. आतून पांढरा, रस स्वच्छ. "झालंय," तो म्हणाला आणि ताटं मांडायला सांगितली.

मी ट्रेच्या अगदी मध्यातला पीस उचलला आणि थर्मामीटरची सुई मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसली. आकडा ४८ वर थांबला. शेजारच्यात ५३. कडेच्या पीसमध्ये मात्र ८१! एकाच ट्रेमध्ये एक पीस पूर्ण शिजलेला आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावरचा जेमतेम कोमट. मधल्या पीसच्या हाडाजवळ सकाळचा गारवा तसाच होता आणि ते एकमेकांना टेकलेले असल्यामुळे गरम हवा मध्ये पोचतच नव्हती. आम्ही पीस दोन ट्रेमध्ये सुटे मांडले आणि परत आत घातले. वीस मिनिटांनी सगळ्यात जाड पीसमध्ये ७६ आलं, तेव्हा जेवण वाढलं. लोक ताटकळले, कुरकुरले. तरी मला त्याचं वाईट वाटलं नाही.

कोंबडीचं मांस पांढरं दिसायला ७० अंशांच्या बरंच आधी सुरुवात होते, म्हणून पांढरं म्हणजे शिजलेलं असं धरता येत नाही. उलट कोवळ्या कोंबडीच्या हाडाजवळ मांस पूर्ण शिजल्यावरही गुलाबी राहू शकतं, कारण हाडातल्या मगजाचा रंग बाहेर झिरपतो. म्हणजे रंग दोन्ही बाजूंनी फसवतो. रसाचंही तसंच.

म्हणून मी सुईवर विश्वास ठेवते. सगळ्यात जाड पीस, त्याचा सगळ्यात जाड भाग, सुई हाडापासून दूर. हाड मांसापेक्षा वेगळं तापतं, सुई त्याला टेकली तर आकडा चुकीचा येतो. एक पीस तपासून थांबत नाही. ट्रेच्या मध्यातले निदान दोन बघते. मी ७४ येईपर्यंत थांबते, म्हणजे ७० च्या वर थोडी मोकळीक राहते. थर्मामीटर बरोबर आहे का हे बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून बघायचं. तिथे शून्य दाखवायला हवा.

थर्मामीटर नसेल तर ओव्हन आणि तव्याच्या वाटेला जाऊ नका, रस्सा करा. पीस सारखे आणि मध्यम कापा, त्यांचा बर्फ पूर्ण सुटलेला असू द्या आणि उकळी फुटल्यापासून निदान अर्धा तास शिजवा. पीस रश्श्यात बुडालेले हवेत, वर डोकं काढून बसलेले नकोत. दहा मिनिटांत चिकन होतं असं सांगणाऱ्या कृती मला पटत नाहीत. हाडासकट पीसला तेवढा वेळ पुरत नाही, आणि नवशिका माणूस नेमकी तीच कृती निवडतो.

सगळं लक्ष ताटावर, हाताकडे कुणाचंच नाही

ही माझी दुसरी तक्रार आहे आणि खरं तर पहिलीपेक्षा मोठी. लोक शिजलेल्या घासाला घाबरतात आणि कच्च्या मांसाने माखलेल्या हाताने डोळा चोळतात.

हाँगकाँगमध्ये १९९७ साली बर्ड फ्लूच्या एच५एन१ या विषाणूची माणसांना लागण झाली. १८ जण आजारी पडले, त्यातले ६ दगावले. नंतर आजारी पडलेल्यांची आणि न पडलेल्यांची तुलना केली गेली. फरक दिसला तो आजारपणाच्या आधीच्या आठवड्यात जिवंत कोंबड्या विकणाऱ्या ठिकाणी जाण्यात. कोंबडी खाण्यात तसा फरक दिसला नाही. पुढेही हेच दिसत आलं आहे: आजारी पक्षी हाताळणं, कापणं, पिसं उपटणं, त्यांच्या विष्ठेची धूळ श्वासात जाणं. विषाणू शिरतो तो नाक, तोंड, डोळे आणि श्वासावाटे. गॅस पेटण्याआधीच हे सगळं घडून गेलेलं असतं, म्हणून कितीही शिजवलं तरी कापणाऱ्याला त्याचा उपयोग नसतो.

स्वयंपाकघरात यातलं काय उरतं? नळाखाली चिकन धुणं. पाण्याचे शिंतोडे आजूबाजूच्या भांड्यांवर, कोथिंबिरीवर आणि धुणाऱ्याच्या तोंडावर उडतात. विषाणू धुऊन जात नाही, पसरतो. मी चिकन धूत नाही. रक्त किंवा हाडाचा चुरा असेल तर कागदाने टिपते आणि तो कागद थेट कचऱ्यात टाकते. "धुतल्याशिवाय किळस येते," असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. त्यांना सांगते, पातेल्यात पाणी घ्या, पीस हळू बुडवा, नळ लावू नका आणि नंतर सिंक साबणाने घासा. साबण इथे खरंच कामाचा आहे. या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, साबण ते फोडतो. नुसत्या पाण्याने ते होत नाही.

मग सुरी आणि पाट. एकदा एका शिकाऊ मुलीने कच्चं चिकन कापलं, पाट नुसता फडक्याने पुसला आणि त्यावरच काकडी चिरली. चिकन पुढे पाऊण तास उकळणार होतं. काकडी तशीच पानात जाणार होती. मी काकडी फेकायला लावली तेव्हा ती म्हणाली, "पण बर्ड फ्लू तर चिकनमध्ये असतो ना?" हा गैरसमज मला दरवेळी भेटतो. आता मी एकच शिस्त लावते: जे कच्चं खायचं ते आधी चिरून, झाकून बाजूला ठेवायचं आणि चिकनचं पुडकं त्यानंतरच उघडायचं. कच्चं ज्या ताटात होतं त्यात शिजलेलं काढायचं नाही, चिमटाही बदलायचा. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू याच वाटेने पोटात जातात, आणि ते बर्ड फ्लूच्या बातमीची वाट बघत नाहीत.

अंड्याचा पिवळा बलक वाहता ठेवणं

लागण झालेल्या कोंबड्या बहुतेक वेळा अंडी देणंच थांबवतात आणि थोड्याच दिवसांत मरतात. पण लक्षणं दिसण्याआधी घातलेल्या अंड्यात विषाणू असू शकतो, कवचावरही आणि आतही. म्हणून साथ चालू असेपर्यंत अंडं घट्ट शिजवा. यात एक सोय आहे: बलक साधारण ६५ अंशांना दाट व्हायला लागतो आणि ७० च्या आसपास घट्ट बसतो. म्हणजे थर्मामीटरचं काम बलकच करतो. तो वाहत असेल तर तापमान गाठलेलं नाही. हाफ फ्राय, अर्धवट उकडलेलं अंडं, कच्च्या अंड्याचं घरगुती मेयोनीज हे सगळं काही दिवस थांबवा.

उकडताना वेळ कुठून मोजायचा हे चुकतं. फ्रीजमधली डझनभर अंडी उकळत्या पाण्यात सोडली की उकळी बसते. पाणी पुन्हा खळखळायला लागलं की तिथून मोजा, मी बारा मिनिटं धरते. तडकलेलं अंडं वापरत नाही. अंडं फोडल्यावर कवच लगेच टाकून हात धुते, त्याच हाताने मीठ-मिरचीचे डबे उघडत नाही.

थोडक्यात उरकण्यासारख्या चुका

फ्रीझरमध्ये ठेवलं म्हणून विषाणू मरत नाही. थंडीत तो जास्त टिकतो.

लिंबू, हळद, दही लावून मुरवल्याने चव येते. मुरवण वरच्या थरापुरतंच राहतं, आतल्या मांसाला काही होत नाही.

मायक्रोवेव्हमध्ये कच्चं चिकन शिजवू नका, मध्ये गार जागा राहतात.

रश्श्याचं मीठ बघायचं ते उकळी आल्यावर आणि वेगळ्या चमच्याने.

आजारी किंवा मेलेला पक्षी 'वाया कशाला घालवायचा' म्हणून कापणं

इथे मी कुणालाही सूट देत नाही. पक्षी सुस्त असेल, तुरा निळसर पडला असेल, डोकं सुजलं असेल किंवा एकामागून एक मरत असतील तर हात लावू नका, पशुवैद्यकीय विभागाला कळवा. शिजवल्यावर ते मांस निर्धोक होईलही. कापताना आणि सोलताना जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. कुणी असा पक्षी हाताळला असेल आणि पुढच्या दोन-अडीच आठवड्यांत ताप, खोकला, धाप किंवा डोळे लाल होणं असं काही झालं, तर डॉक्टरांना पक्ष्याचा संबंध आवर्जून सांगायचा. तो सांगितला नाही तर साधा फ्लू समजून वेळ जातो.

आणि कापताना निघालेली कच्ची कातडी, आतडी मांजराला घालू नका. थायलंडमध्ये २००४ साली एका प्राणिसंग्रहालयात वाघांना कच्च्या कोंबड्या खायला दिल्या गेल्या होत्या. ४४१ वाघांपैकी १४७ वाघ आजाराने गेले किंवा त्यांना मारावं लागलं. मांजराच्या जातीला हा विषाणू फार कडक लागतो. घरातल्या मांजराला द्यायचंच असेल तर उकडून, हाडं काढून द्या.